साठ दिवस कुठून मोजायचे

आमच्या थोरल्या मावशीला दोन कामं उत्तम येतात. एक, न दुखवता रक्त काढणं. दुसरं, गाडीचं आरक्षण कोणत्या तारखेला उघडणार ते सांगणं. पहिल्या कामाचा तिला पगार मिळतो. दुसऱ्याचा नुसता मान मिळतो, आणि खरं सांगायचं तर तिला तोच जास्त गोड लागतो.

ती आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडच्या लॅबमध्ये आहे. सकाळी सातला उपाशीपोटी माणसं येऊन बसतात, त्यांचे चेहरे असे की आता आपल्याला बोकडासारखं लटकवणार. मावशी त्यांना समोर बसवते, दंडाला रबर बांधते आणि विचारते, "सुट्टीत कुठे?" माणूस गडबडतो. म्हणतो, "तीन जूनला जायचं मनात आहे, पण तिकिटं..." मावशी म्हणते, "मूठ आवळा. तीन जून, म्हणजे मागे तीन मे, एक दिवस गेला... चार एप्रिल. सकाळी आठला. सोडा मूठ. कापूस दाबून धरा." माणूस बघतो तर सुई कधीच बाहेर आलेली असते आणि खिशात तारीखही पडलेली असते. काही लोक तर डॉक्टरांनी सांगितलं नसताना साखर तपासायला येतात, असं मावशीचंच म्हणणं आहे. ते मला खरं वाटत नाही, पण ती सांगते छान.

नियम तसा सोपा आहे. प्रवासाच्या साठ दिवस आधी, सकाळी आठला, आरक्षणाची खिडकी उघडते. प्रवासाचा दिवस त्यात धरायचा नाही. घोळ होतो तो महिन्यांचा. कुठला तीसचा, कुठला एकतीसचा, आणि लोक सरळ "दोन महिने आधी" म्हणून मोकळे होतात आणि मग एखाद्या दिवसाने गोत्यात येतात. मावशी मुठीवरची हाडं मोजते. उंचवटा म्हणजे एकतीस, खळगा म्हणजे तीस. मोजताना तिचे ओठ हलतात आणि भुवया वर जातात, आणि तेवढ्या वेळात तिच्याशी बोलायचं नसतं. कुणी बोललं तर ती पुन्हा पहिल्या हाडापासून सुरू करते आणि त्या माणसाकडे अशी बघते की त्याची साखर आपोआप उतरावी.

तारीख नुसती सांगून ती थांबतही नाही. "शुक्रवारी रात्री कशाला? शुक्रवारी रात्री सगळं जग निघतं. मंगळवारी, बुधवारी निघा. उघडून चार दिवस झाले तरी जागा असते." किंवा, "जायचं काढलंत, शाबास. यायचं कोण काढणार? परतीची तारीख आठ दिवसांनी आहे ना, मग तिची खिडकीही आठ दिवसांनी उघडणार. पुन्हा यावं लागेल रांगेत. जायला सगळे राजे असतात, यायला सगळे वेटिंगवर." हे शेवटचं वाक्य ती दरवेळी आत्ताच सुचल्यासारखं म्हणते.

एवढी ही बाई, पण स्वतः कुठे जाते? तर कुठेच नाही. कारण तिच्याकडे आमचे आजोबा आहेत, म्हणजे तिचे आणि माझ्या आईचे बाबा. आजोबांचा उजवा गुडघा घरातल्या घरात ठीक चालतो, पण जिना बघितला की मान टाकतो. गाडीत त्यांना खालचाच बर्थ लागतो. मधल्यावर चढवायचं म्हणजे दोन हमाल आणि एक शिडी.

आजोबांना एक धाकटा भाऊ आहे. तो गाडीने तीस तासांवरच्या मोठ्या शहरात राहतो. आम्ही त्यांना धाकटे आजोबा म्हणतो. दोघांचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं होतं. बोलणं म्हणजे भांडण. फोन टेबलावर ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि दोघांनी अशा आवाजात बोलायचं की मधे तार नसून नुसती दरी आहे.

"जेवलास का?" आजोबा विचारतात.

"आत्ता साडेसहा वाजलेत. साडेसहाला कोण जेवतं?"

"मी जेवतो."

"तू म्हातारा आहेस."

"चार वर्षांनीच."

"चार वर्षं काय कमी झाली?"

असं अर्धा तास. मग "बरं, ठेवतो" असं दोघंही तीनदा म्हणतात आणि कुणीच ठेवत नाही. शेवटी मावशी बटण दाबते.

तर या धाकट्या आजोबांना यंदा चौदा मेला, रविवारी, पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. त्यांच्या मुलाने हॉल घेतला होता, जेवण सांगितलं होतं, शंभर माणसांना कळवलं होतं. तारीख हलणार नव्हती. भावाभावांची प्रत्यक्ष भेट होऊन सहा वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी निघणार होते, तर वेटिंगचं तिकीट शेवटपर्यंत पक्कं झालंच नाही. गेल्या वर्षी तिकिटं पक्की होती, तर लॅबमधली दुसरी बाई नोकरी सोडून गेली आणि मावशीची रजा बुडाली. दोन्ही वेळा बॅग भरून झाली होती. दोन्ही वेळा आजोबांनी ती स्वतः रिकामी केली, एकेक सदरा घडी घालून, काही न बोलता. मावशी म्हणते, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

या वेळी मात्र ते बोलले. फेब्रुवारीतच, चहाचा कप खाली ठेवून.

"जमणार असेल तर सांग. नसेल तर मी त्याला आत्ताच नाही म्हणून टाकतो. माणसाला वाट बघायला लावू नये. आमच्या वयात तर नाहीच."

"जमणार," मावशी म्हणाली.

"नक्की?"

"बाबा, अख्ख्या गावाला मी तारखा देते. तुम्हाला नाही का देणार?"

आता गाडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथे आहे. त्या शहराला जाणारी रोजची एकच चांगली गाडी. ती लांब कुठेतरी दुपारी सुटते आणि रात्री आमच्याकडे येते. पूर्वी ती बारा वाजायच्या आधी यायची. जानेवारीत वेळापत्रक बदललं आणि ती बारा वाजून पंधरा मिनिटांनी यायला लागली. म्हणजे थोडीशीच उशिरा. लोकांच्या तोंडी ती अजून "शुक्रवारी रात्रीची", "शनिवारी रात्रीची" अशीच आहे. पण रेल्वेच्या दृष्टीने बारा वाजले की दुसरा दिवस.

हे मावशीच्या लगेच लक्षात आलं. अगदी पहिल्याच आठवड्यात. आणि त्या आनंदात ती पुढचे दोन महिने वावरत होती.

"तुम्ही काय लिहिणार फॉर्मवर?" तिने आजोबांना विचारलं. परीक्षा घेतात तसं.

"शुक्रवारी रात्री निघायचं. म्हणजे बारा मे."

"चूक."

"शुक्रवारी बाराच तारीख आहे. कॅलेंडर समोर आहे."

"घरातून बाराला निघायचं. गाडीत कधी पाय ठेवणार? बारा वाजून गेल्यावर. म्हणजे शनिवार, तेरा मे. फॉर्मवर बारा लिहिलंत तर तुम्हाला गुरुवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट मिळेल. शुक्रवारी आपण बॅगा घेऊन फलाटावर उभे, आणि आपली गाडी आदल्या रात्रीच आपल्याशिवाय गेलेली."

आजोबांनी यावर बराच विचार केला. हे त्यांना पटलं, आणि पटलेलं त्यांना आवडलं नाही.

"बरं, तेरा," ते म्हणाले. "मग खिडकी कधी?"

मावशीने मूठ पुढे धरली. ओठ हलले. "तेरा मेपासून साठ दिवस मागे. चौदा मार्च. मंगळवार."

"मी बारापासून मोजले होते. तेरा मार्च येत होता."

"येणारच. तुम्ही बारा धरलंत ना. पायाच चुकीचा, मग इमारत कशी सरळ येईल?"

मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदा मार्चभोवती लाल गोल काढला. त्याच तोऱ्यात तिने लॅबच्या डॉक्टर मॅडमनाही त्यांची तारीख काढून दिली. मॅडम घरच्या पाच जणांना घेऊन त्याच गाडीने एकवीस मेला निघणार होत्या. "बावीस मार्चला माणूस पाठवा, मॅडम. आणि फॉर्मवर वीस लिहू देऊ नका हं, एकवीस. बारा वाजून जातात ना." मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं, ताई."

फोनवर दोन मिनिटांत बघता आलं असतं, हे मला माहीत आहे. पण मावशीचा फोनवर विश्वास नाही. एकदा ऐन आठच्या ठोक्याला तिचे पैसे गेले, तिकीट आलं नाही आणि पडद्यावर नुसतं एक चक्र फिरत राहिलं. तेव्हापासून तिचं म्हणणं, "खिडकीतल्या माणसाला निदान डोळे असतात." आणि दुसरं म्हणजे, मावशीने सांगितलेली तारीख तपासून बघायची, म्हणजे आजीला विचारायचं की ही तुझीच मुलगी ना.

चौदा मार्चला, लॅबमध्ये उशिरा येते असं सांगून, ती साडेसहालाच आरक्षण केंद्रात हजर होती. माझा क्लास त्याच बाजूला होता म्हणून मी तिच्याबरोबर गेले होते. आरक्षण केंद्र म्हणजे एक लांबट खोली. पाच खिडक्या, त्यातल्या दोन चालू. तिसरीच्या काचेवर आतून जुना पेपर चिकटवलेला. फॉर्म भरायच्या टेबलावर दोरीला बांधलेलं पेन, आणि पेनात शाई नसल्याने प्रत्येक जण ते दोरीसकट झटकून बघणार, मग आपलं काढणार. मावशी पहिल्या नंबरावर. तिच्या मागे पेपर वाचणारे एक गृहस्थ, जे पेपर मनात वाचत नाहीत. बातमी वाचायची आणि तिच्यावर निकाल द्यायचा.

"उन्हाळा वाढणार म्हणे. वाढणारच, मे काय थंडीत येतो?" मग आमच्याकडे वळून, "तुम्ही कुठल्या तारखेचं?"

"तेरा मे."

"आज उघडतेय?"

"आजच," मावशी म्हणाली, आणि आवाजात एवढी मऊ खात्री की मागच्या दोघांनी आपापले फॉर्म पुन्हा काढून बघितले.

आठला पाच मिनिटं असताना खिडकीतले साहेब आले. त्यांनी पाण्याची बाटली ठेवली, चष्मा पुसला, बोटं मोडली आणि घड्याळाकडे बघत बसले. आठ झाले. "बोला."

मावशीने फॉर्म आत सरकवला. साहेबांनी कॉम्प्युटरवर टकटक केली.

"वेटिंग आहे."

मावशी हसली. लॅबमध्ये एखादा पेशंट "मला रक्तच नाहीये" म्हणाला की हसते तशी.

"साहेब, तारीख बघा. तेरा मे."

"तेराच बघतोय. वेटिंग सत्तेचाळीस."

"अहो, आठ वाजून एक मिनिट झालंय. एका मिनिटात सत्तेचाळीस?"

"एका मिनिटात कशाला? काल सकाळपासून चालू आहे की."

"काल कसं? आज उघडली ना ही?"

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचा आवाज असा की प्रत्येक वाक्य तोंडातून निघायच्या आधीच दमलेलं. "बाई, ही गाडी सुटते कधी?"

"तेराला. बारा वाजून पंधरा."

"ते तुमच्याकडे. सुटते कधी? जिथून सुटते तिथून?"

"दुपारी," मावशी म्हणाली. मग जरा थांबून, "बाराला."

"मग मोजायचं बारापासून. गाडी जिथून निघते तिथली तारीख. मधल्या स्टेशनांवर ती बाराला जाऊ दे, तेराला जाऊ दे, सगळ्या स्टेशनांचं आरक्षण एकाच सकाळी उघडतं."

"पण मी बसणार तेराला."

"बसा ना. फॉर्मवर तेराच. मोजायला बारा."

मावशीचे ओठ हलायला लागले. मूठ वर आली, हाडांवरून बोट गेलं, एकदा, पुन्हा एकदा. मागचे गृहस्थ पुढे वाकले. "म्हणजे लिहायची तारीख वेगळी आणि रांगेची वेगळी," ते म्हणाले. "आणि काल उघडलेली शुक्रवारची गाडी, ती पण सुट्टीतली. आज काय राहणार हो."

"मला कळलं," मावशी म्हणाली.

गंमत बघा. तिने नुसतं बाकीच्यांसारखं "शुक्रवारी रात्र म्हणजे बारा" असं धरलं असतं, तर ती बरोबर दिवशी रांगेत आली असती आणि फॉर्मवर चुकीची तारीख लिहिली असती. साहेबांनी ती खोडून दिली असती आणि संपलं असतं. ती हुशारीने एक पाऊल पुढे गेली, म्हणून एक दिवस मागे पडली. पण हे सगळं मी आत्ता म्हणतेय. तेव्हा तिचा चेहरा बघून मला माझ्या चपलेचा पट्टा सारखा करावासा वाटला.

"चौदाचं आज उघडलंय," साहेब म्हणाले. "दोन खालचे आहेत. देऊ?"

"चौदाला बसलो तर पंधराला पोचू. वाढदिवस चौदाला आहे."

"मग वेटिंग घेऊन ठेवा. दोन महिने आहेत. रद्द करतात लोक. होईल कदाचित."

"वडील ऐंशीला लागलेत," मावशी म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी त्यांना कदाचितवरच ठेवलं होतं. या वेळी नाही ठेवणार."

मागून कुणीतरी खाकरलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. आणि मावशी इतकी वर्षं दुसऱ्यांना जे सांगत आली, ते तिने पहिल्यांदा स्वतःला सांगितलं.

"आठवड्यातल्या मधल्या दिवसाचं बघा. दहा मे, बुधवार."

टकटक. "आहेत. थोडे आहेत. एक खालचा मिळेल, एक मधला."

"खालचा नक्की?"

"आत्ता आहे. दहा मिनिटांनी असेल असं मी म्हणत नाही."

इथे मावशीची दुसरी पंचाईत. तिने रजा मागितली होती ती शनिवारपासून पुढच्या बुधवारपर्यंतची. बुधवारी निघायचं म्हणजे आणखी तीन दिवस. आणि सुट्टीच्या दिवसांत लॅबला गर्दी, दुसरी बाई नवीन. गेल्या वर्षी याच खडकावर होडी फुटली होती.

"साहेब, एक फोन करते."

"रांग थांबणार नाही."

"मी घेतो ना मधे," पेपरवाले गृहस्थ उत्साहाने म्हणाले. "माझं होईपर्यंत तुमचा फोन. माझ्यानंतर तुम्ही. काय रे, चालेल ना सगळ्यांना?" मागच्यांनी ना हो म्हटलं ना नाही म्हटलं, म्हणजे चाललं.

मावशी पेपर चिकटवलेल्या खिडकीपाशी गेली आणि डॉक्टर मॅडमना फोन लावला. मॅडम इतक्या हळू बोलतात की पेशंटला वाटतं आपलं काहीतरी भयंकर निघालंय. पण मी कान लावून उभी होते.

"मॅडम, मी बोलतेय. आधी तुमचं सांगते, मग माझं. तुमची एकवीस मेची गाडी. मी बावीस मार्च सांगितलं होतं. चुकलं माझं. एकवीस मार्चला माणूस पाठवा. गाडी सुटते वीसला, तिथून मोजायचं असतं. फॉर्मवर एकवीसच."

"तुमचं चुकलं?" मॅडम म्हणाल्या.

"हो."

"तुमचं? तारीख?"

"हो, मॅडम."

"आणि हे तुम्हाला कसं कळलं?"

"आज माझं स्वतःचं गेलं. तेराचं वेटिंगला पडलंय. आता बाबांना घेऊन चौदाच्या आत पोचायचं तर दहाचं मिळतंय. म्हणजे बुधवार, गुरुवार, शुक्रवार जास्तीची रजा. नाही म्हणालात तरी तुमची तारीख मी दिलेलीच आहे."

"ताई," मॅडम तशाच हळू आवाजात म्हणाल्या, "मी बावीसला माणूस पाठवला असता तर माझ्या सासूबाई वेटिंगवर असत्या. त्यांच्याबरोबर मला अजून दोन महिने घरात राहायचं आहे."

"हो, मॅडम."

"काढा तिकीट."

"आणि तीन दिवस रक्त?"

"मी काढीन. शिकले होते कधीतरी. फक्त पेशंटना आधी सांगू नका."

मावशी खिडकीकडे वळली तेव्हा पेपरवाले गृहस्थ साहेबांना विचारत होते की खिडकीची बाजू लिहून मिळेल का. साहेब म्हणत होते, "काका, बर्थ मिळतो. वारा मिळेल की नाही ते मी कसं लिहून देऊ?" अखेर काका बाजूला झाले. जाताना मावशीला म्हणाले, "बघा, ठेवला तुमचा नंबर," जणू वाघाच्या तोंडातून काढून आणलाय.

मावशीने फॉर्मवरची तेरा तारीख खोडून दहा केली आणि शेजारी सही केली. टकटक. साहेबांनी ओठ पुढे काढले. मावशीचा हात काउंटरवर सपाट होता, आणि मूठ मात्र दुसऱ्या हाताची आवळलेली होती, जशी ती रोज दुसऱ्यांना आवळायला लावते.

"एक खालचा, एक मधला."

"खालचा वडिलांच्या नावावर."

"मधल्यावर तुम्ही चढणार?"

"चढीन. गुडघे आहेत माझे."

मशीन करकरलं. तिकीट हातात आल्यावर ती नेहमी करते ते सगळं तिने केलं: तारीख, नाव, वय, गाडी, बर्थ, पुन्हा तारीख. मग म्हणाली, "साहेब, परतीचं सोळा मेचं. ती गाडी तिथूनच सुटते. म्हणजे सरळ साठ दिवस. सतरा मार्च, शुक्रवार?"

"बरोबर."

"बघा हं. विचारून घेतलेलं बरं."

साहेबांच्या दमलेल्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं असावं. चष्म्यामुळे नीट दिसलं नाही.

घरी आजोबा टेबलाशी बसूनच होते. चहा तसाच गार झालेला. त्यांनी वर बघितलं. मावशीने तिकीट त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"खालचा," ती म्हणाली. "पक्कं. नऊ मेला रात्री घरातून निघायचं."

"म्हणजे दहा मे."

"दहा मे."

"बारा का नाही? म्हणजे तेरा?"

मावशीने सांगितलं. सगळं, काही न लपवता, गाडी कुठून सुटते आणि मोजायचं कुठून ते. आजोबांनी तिकीट दोन्ही हातांनी धरलं होतं. ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे तेरा मार्च बरोबर होतं," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"मी बारापासून मोजलं होतं."

"हो."

"तू म्हणालीस, पायाच चुकीचा."

"म्हणाले."

"नाही, मी आपलं विचारतोय," आजोबा म्हणाले, आणि दिवसभर आपलं विचारतच राहिले. दूधवाल्याला, शेजारच्या काकूंना, माझ्या आईला फोनवर. संध्याकाळी साडेसहाला तर त्यांनी भावाचा फोन उचलल्या उचलल्या सुरुवात केली, "ऐकतोस का, माझं गणित बरोबर आलं."

"कुठलं गणित? तू येतोयस का ते सांग."

"येतोय. अकराला सकाळी."

पलीकडे आवाज एकदम बंद झाला. आजोबांनी फोन हलवून बघितला.

"अकराला?" धाकटे आजोबा म्हणाले. "वाढदिवस तर चौदाला आहे."

"माहितीये. तीन दिवस आधी येतोय."

"तीन दिवस काय करणार तू?"

"तू काय करणार?"

"मी काय, मी इथेच राहतो." मग खालच्या आवाजात, जो मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता, "पक्कं आहे ना? मागच्यासारखं नाही ना?"

"हातात आहे. खालचा बर्थ."

"बरं." नाक ओढल्याचा आवाज आला. "मग परत कधी?"

"सोळाला," मावशी मधेच म्हणाली. "त्याची खिडकी शुक्रवारी उघडेल."

"सोळाला? सहा वर्षांनी येतो आणि सोळाला पळतो? तिला जायचं तर तिला जाऊ दे. तू महिनाभर राहा. मी येतो तुला सोडायला."

"तू मला सोडायला येणार? मग तुला परत कोण सोडणार?"

"तू येशील."

"आणि मला?"

मावशीने स्पीकरकडे बघितलं, मग आजोबांकडे. दोघांपैकी कुणालाही यात काही चूक दिसत नव्हती. "तुम्ही दोघं जन्मभर एकमेकांना सोडत राहा," ती म्हणाली. "मला फक्त तारीख सांगा, आणि साठ दिवस आधी सांगा."

शुक्रवारी, सतरा मार्चला, ती पुन्हा रांगेत होती. या वेळी दुसऱ्या नंबरावर. आठ वाजले, पुढच्या माणसाचं काम झालं, आणि तिने फॉर्म सरकवला.

साहेबांनी तो वाचला. "सोळा मे. एकच?"

"एकच."

"वडील?"

"त्यांची तारीख दोघं भाऊ मिळून ठरवतायत. रोज बदलतेय. काल चार जून होती, आज सकाळी अकरा."

"मग अकरा जूनचं उघडेल..." साहेबांनी छताकडे बघितलं.

मावशीची मूठ वर आली होती, पण तिने ती खाली घेतली आणि त्यांना मोजू दिलं.

"बारा एप्रिल," साहेब म्हणाले.

"येते," मावशी म्हणाली. तिकीट नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि मागच्या बाईंसाठी बाजूला सरकली. ती बाई तिला म्हणत होती, "अहो, तुम्हाला यातलं कळतं वाटतं. माझं जरा बघता का, माझी गाडी पहाटे दोनला येते." मावशीने तिचा फॉर्म हातात घेतला. "बघते," ती म्हणाली. "आधी सांगा, ती सुटते कुठून आणि कधी."